ॲपमागची कंपनी कोणती?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली वहीबरोबर मोबाइलही मधे असतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "अगं, या ॲपवर दहा मिनिटांत वीस हजार मिळतात." मिळत असतीलही. पण देणार कोण? ॲपचं नाव ही नुसती दुकानावरची पाटी. पैसे देणारा आणि उद्या वसुलीला येणारा पाटीमागे असतो. तो कसा शोधायचा, ते आज बघू.

पाटीवर एक नाव आणि मालकाचं दुसरं, यात गैर काही नाही. पेटीएम सगळ्यांना माहीत आहे, पण त्यामागच्या कंपनीचं नाव वन९७ कम्युनिकेशन्स लिमिटेड. फक्त ते नाव सापडायला हवं.

समजा, गटातल्या एका ताईंना कर्जाचं ॲप सुचवलंय. ते लगेच मोबाइलमध्ये घेऊ नका. प्ले स्टोअरमधलं त्याचं पान ॲप न घेताही वाचता येतं. ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव असतं. आपण त्याला 'अबक टेक्नॉलॉजी' म्हणू. त्यावर बोट ठेवलं की त्याची बाकीची ॲप दिसतात. तिथे एक टॉर्चचं, एक पत्त्यांच्या खेळाचं आणि मधेच एक कर्जाचं असेल, तर मी तरी तिथेच थांबेन. मग पान खाली सरकवा. 'App support' असं लिहिलेलं दिसेल. ते उघडलं की ईमेल, वेबसाइट आणि बऱ्याचदा पत्ताही मिळतो. हे सगळं वहीत लिहून घ्या.

तिथेच 'Privacy policy' असते, म्हणजे तुमच्या माहितीचं कंपनी काय करणार याचा कागद. तो लांबलचक आणि बहुधा इंग्रजीत असतो. सगळा वाचायची गरज नाही, शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत घ्या आणि पहिला परिच्छेद व शेवटचा भाग तेवढा वाचा. सुरुवातीला 'आम्ही म्हणजे अमुक कंपनी' असं असतं. शेवटी पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव असतं. कर्जाच्या ॲपला तो अधिकारी द्यावाच लागतो. कागदात नुसतं 'आम्ही, आम्ही' आहे आणि कंपनीचं नावच नाही, किंवा मधेच भलत्याच ॲपचं नाव आलंय, तर तो कागद दुसरीकडून उतरवलेला आहे असं समजा.

आता आपल्या ताईंच्या वहीत तीन नावं येतील. ॲप बनवणारी 'अबक टेक्नॉलॉजी', कागदातली कंपनी, आणि खरं कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी, समजा 'चछज फायनान्स'. हे तिसरं नाव सर्वांत महत्त्वाचं. भारतात कर्ज मिळवून देणाऱ्या ॲपने ते प्ले स्टोअरच्या पानावर, ॲपच्या वर्णनात लिहायचं, असा गूगलचाच नियम आहे. ते नसेल तर पुढे जायचं कारण नाही.

असेल तरी काम संपलं नाही, कारण चांगल्या कंपनीचं नाव कुणीही उचलून लिहू शकतो. म्हणून उलट्या बाजूनं तपासा. आधी रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या वेबसाइटवर नोंदणी झालेल्या फायनान्स कंपन्यांच्या यादीत 'चछज' आहे का बघा. मग 'चछज'च्या स्वतःच्या वेबसाइटवर जा. आपल्या वतीनं कोणती ॲप कर्ज देतात, त्याची यादी तिथे देणं तिच्यावर बंधनकारक आहे. त्यात आपलं ॲप नसेल, तर त्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा. ॲपमधल्या नंबरवर नको, तिथे 'हो' म्हणायलाच माणूस बसलेला असतो.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून कर्जाच्या ॲपची यादीही लावली आहे. ती कामाची आहे, पण त्यातली माहिती कर्ज देणाऱ्या कंपन्यांनीच भरलेली असते. तिथे नाव असणं म्हणजे रिझर्व्ह बँकेने त्या ॲपची हमी घेतली असं नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून घेतलेल्या ॲपला स्टोअरचं पानच नसतं, मग शोधणार कुठे? आणि ॲप कॉन्टॅक्ट किंवा फोटो मागत असेल तर देऊ नका. प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपला ते घ्यायची परवानगीच नाही.

ही तपासणी करताना प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गडबड उघडकीला आली की असलं ॲप स्टोअरवरून नाहीसं होतं आणि पानही जातं. पैसे गेले किंवा धमकीचे फोन सुरू झाले, तर लगेच १९३० वर फोन करा. sachet.rbi.org.in वरही तक्रार देता येते, आणि दोन्हीकडे हेच फोटो आणि वहीतली नावं उपयोगी पडतात.