ठराव कसा लिहावा: सह्यांच्या अधिकाराचे एक उदाहरण

संचालक मंडळाच्या सभेत खूप बोलणे होते, पण बँक बघते ती ठरावाची प्रमाणित प्रत. एखाद्या खासगी मर्यादित कंपनीच्या मसुद्यात असे लिहिलेले आढळते: ‘बँकेच्या व्यवहारांबाबत चर्चा झाली. लेखा व्यवस्थापकांना चेकवर सही करण्याचा अधिकार देण्यास हरकत नाही असे सर्वांचे मत पडले. पुढील कार्यवाही लवकरात लवकर करावी.’ या तीन वाक्यांत अधिकार कोणालाच मिळालेला नाही. मत पडणे म्हणजे ठराव होणे नव्हे. शिवाय खाते कोणते, रक्कम किती, सही एकट्याची की दोघांची, आधी सही करणाऱ्यांचे काय, हे सगळे अधांतरीच राहते.

मसुदा सुधारताना चर्चा आणि निर्णय वेगळे करावे लागतात. सभांसाठीच्या सचिवीय मानकानुसार इतिवृत्त भूतकाळात लिहायचे असते, ठराव मात्र वर्तमानकाळात. त्यामुळे चर्चा इतिवृत्तात राहते आणि ठराव असा उभा राहतो:

‘असा ठराव करण्यात येत आहे की, कंपनीच्या (बँक, शाखा व क्रमांक) या चालू खात्यातून चेकद्वारे वा ऑनलाइन पैसे देण्यासाठी, 2 लाख रुपयांपर्यंतच्या प्रत्येक व्यवहारावर लेखा व्यवस्थापक श्री. (नाव), ते त्या पदावर असेपर्यंत, व कोणताही एक संचालक संयुक्तपणे सही करतील. त्याहून अधिक रकमेवर कोणतेही दोन संचालक संयुक्तपणे सही करतील. हा अधिकार 1 जुलै 2025 पासून अमलात येईल आणि या खात्यापुरता आधीचा सह्यांबाबतचा ठराव त्या दिवसापासून रद्द होईल. मात्र 30 जून 2025 पर्यंत आधीच्या अधिकाराने दिलेले चेक त्यामुळे बाधित होणार नाहीत.’

शेवटचे वाक्य बहुतेक मसुद्यांत नसते आणि गोंधळ तिथेच होतो. चेक तारखेपासून तीन महिने वटवता येतो. त्यामुळे जूनमध्ये दिलेला चेक ऑगस्टमध्ये बँकेत आला, तर जुनी सही चालणार की नाही हा प्रश्न उभा राहतो. ‘तत्काळ’ या शब्दाने तो सुटत नाही. तत्काळ म्हणजे सभेची तारीख की बँकेला प्रत मिळाल्याची, यावर वाद घालता येतो. ठरावात तारीख असली तरी नवीन सह्यांचे नमुने त्याआधी बँकेकडे पोचवावेच लागतात.

‘पदावर असेपर्यंत’ हे शब्दही कामाचे आहेत. नुसते नाव लिहिले, तर नोकरी सोडलेल्या माणसाचा अधिकार कागदावर तसाच राहतो. नुसते पद लिहिले, तर नमुना सही कोणाची घ्यायची हे बँकेला कळत नाही.

या ठरावाला मर्यादाही आहे. सही करण्याच्या अधिकारात कर्ज काढण्याचा अधिकार येत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 179 प्रमाणे कर्ज घेण्याचा निर्णय मंडळाने सभेतच घ्यावा लागतो किंवा सभेतल्या ठरावाने, मंडळ ठरवेल त्या अटींवर, तो अधिकार सोपवावा लागतो. संचालकांकडे कागद फिरवून सह्या घेतल्याने भागत नाही. ओव्हरड्राफ्ट हवा असेल, तर त्याचा ठराव वेगळा करावा.