जनरेटर सुरू होतो, तरी सर्व्हर का बंद पडतात?

धाराशिव जिल्ह्यातल्या बँका, कारखाने, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये यांच्या सर्व्हर खोल्यांना आता यूपीएस आणि जनरेटर दोन्ही असतात. तरीही वीज गेल्यावर सर्व्हर बंद पडल्याच्या तक्रारी येतात, आणि पुष्कळदा त्या वेळी जनरेटर बाहेर व्यवस्थित धडधडत असतो. यंत्र बिघडलेले नसते. घेताना केलेला हिशेब चुकलेला असतो, आणि तो हिशेब काही ठरावीक गैरसमजांवर उभा असतो. ते तपासण्यासाठी धाराशिव शहरातली एक मध्यम आकाराची काल्पनिक सर्व्हर खोली घेऊ. तिथल्या सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कच्या यंत्रांचा प्रत्यक्ष मोजलेला भार ३० किलोवॅट आहे. ४० केव्हीएचे दोन यूपीएस आहेत. एक बंद पडला तर दुसरा सगळा भार पेलतो.

गैरसमज: भार ३० किलोवॅटचा आहे, मग ६२.५ केव्हीएचा जनरेटर भरपूर झाला.

पहिली चूक केव्हीए आणि किलोवॅट एकच समजण्याची. आपल्याकडे डिझेल जनरेटरची क्षमता बहुधा ०.८ पॉवर फॅक्टरवर सांगतात. म्हणजे ६२.५ केव्हीएच्या यंत्राचे इंजिन ५० किलोवॅटपर्यंतच ओढते. दुसरी चूक जनरेटरवर फक्त सर्व्हर येतात असे मानण्याची. यूपीएसची कार्यक्षमता ९४ टक्के धरली, तर ३० किलोवॅट देण्यासाठी तो सुमारे ३२ किलोवॅट घेतो. वीज जाऊन बॅटऱ्या उतरल्या असतील तर चार्जिंगसाठी दोन्ही यूपीएसना मिळून आणखी ७ किलोवॅट लागतात. सर्व्हरला दिलेली सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढायला दोन एसी सतत चालतात आणि उन्हाळ्यात ते मिळून १५ किलोवॅट खातात. दिवे, कॅमेरे, दाराचे कुलूप यांचे २ धरा. एकूण ५६ किलोवॅट झाले. पन्नासच्या इंजिनावर छप्पन्न किलोवॅट गेले, म्हणजे इथेच खेळ संपला.

यावर ८२.५ केव्हीए घ्यावा असे कोणी म्हणेल. त्याचे ६६ किलोवॅट होतात, म्हणजे आकडा बसतो. पण दीर्घकाळ चालणाऱ्या जनरेटरच्या ‘प्राइम’ क्षमतेला एक अट असते: बदलता भार चालेल, मात्र चोवीस तासांची सरासरी साधारण ७० टक्क्यांच्या आत असावी. आपल्या खोलीचा चार्जिंग संपल्यानंतरचा भार ४९ किलोवॅट, म्हणजे ६६ च्या सुमारे ७४ टक्के. वीज तासाभरासाठीच जात असेल तर चालून जाईल, दोन दिवस गेली तर इंजिनावर ताण येईल. १०० केव्हीएच्या यंत्रात ८० किलोवॅट मिळतात आणि तोच भार ६१ टक्क्यांवर येतो. आकार इथे ठरतो. धाराशिव बालाघाटच्या पठारावर आहे म्हणून उंचीची चिंता करणारे भेटतात, पण सहाशे-सातशे मीटरवर हा परिणाम किरकोळ असतो. मे महिन्यात जनरेटरच्या बंद खोक्याच्या आत शिरणारी गरम हवा जास्त नुकसान करते. उत्पादकाने क्षमता किती अंश तापमानाला सांगितली आहे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.

गैरसमज: जनरेटर एक आकार मोठा घेतला की झटका बसत नाही.

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. चालू भार पेलणे आणि अचानक आलेला भार पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत. आजच्या टर्बो इंजिनाला जास्त डिझेल जाळायचे तर जास्त हवा हवी, आणि हवा ढकलणारा टर्बो फिरायला निकासाचा वायू हवा. रिकाम्या इंजिनावर ७० टक्के भार एका क्षणात टाकला, तर डिझेल येते पण हवा मागे राहते. फेरे पडतात, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झवरून खाली घसरते. म्हणून उत्पादक पहिल्या टप्प्यात किती टक्के भार घेता येतो हे वेगळे सांगतात. त्यांच्या माहितीपत्रकातला हा आकडा विचारायचाच असतो.

दुसरा झटका व्होल्टेजला बसतो, तो कॉम्प्रेसरमुळे. चालू असताना १२ अँपिअर घेणारा साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ६५ अँपिअर मागतो. ४१५ व्होल्टवर ही मागणी जवळजवळ ४७ केव्हीए होते. अल्टरनेटरचा अंतर्गत अवरोध १८ टक्के धरून ढोबळ हिशेब मांडू. ८२.५ केव्हीएच्या यंत्रावर दोन्ही कॉम्प्रेसर एकदम लागले तर व्होल्टेज १७ टक्के पडते, १०० वर १४ टक्के आणि १२५ वर १२ टक्के. आता तेच कॉम्प्रेसर वीस सेकंदांच्या अंतराने लावू. ८२.५ केव्हीएवरसुद्धा घट ९ टक्के होते. क्रम लावलेला लहान जनरेटर क्रम न लावलेल्या मोठ्या जनरेटरपेक्षा स्थिर राहतो. हे काम एक टायमर रिले करते, आणि त्याची किंमत जनरेटरचा आकार वाढवण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

व्होल्टेज १५-१७ टक्के पडले तर काय होते? अनेक यूपीएस साधारण तेवढ्यापर्यंतच आत येणारी वीज चांगली मानतात. त्यापुढे ते जनरेटरला नाकारून बॅटरीवर जातात. यूपीएसने हात काढून घेताच जनरेटरचा भार एकदम निघतो, फेरे उसळतात आणि फ्रिक्वेन्सी वर जाते. काही सेकंदांनी यूपीएस परत येतो आणि पुन्हा तोच झटका बसतो. जनरेटर वर-खाली आवाज करत राहतो, यूपीएस बॅटरी आणि जनरेटर यांच्यात हेलकावे खातो, आणि शेवटी बॅटरी संपून सर्व्हर पडतात. ओळखायचे कसे? यूपीएसच्या नोंदवहीत जनरेटर चालू असतानाच्या वेळेत ‘बॅटरीवर’ आणि ‘मेनवर’ अशा नोंदी एकाआड एक दिसतात. त्या दिसल्या तर बॅटरी बदलून काही उपयोग होत नाही.

गैरसमज: यूपीएस मध्ये आहे, म्हणून जनरेटरवर धक्का येत नाही.

यूपीएस सर्व्हरला धक्क्यापासून वाचवतो, जनरेटरला नाही. चांगल्या यूपीएसमध्ये भार हळूहळू चढवण्याची सोय असते. दहा-वीस सेकंदांत तो शून्यावरून पूर्ण भारावर येतो. पण ती सेटिंग शून्यावर असते, किंवा दोन्ही यूपीएसना एकच वेळ दिलेली असते, असे फार आढळते. दुसरी सोय म्हणजे ‘जनरेटर चालू आहे’ असा संकेत घेणारा संपर्क. एएमएफ पॅनलमधून दोन तारा तिथे जोडल्या की यूपीएस जनरेटरवर असताना चार्जिंग थांबवतो किंवा कमी करतो. आपल्या खोलीतले ७ किलोवॅट त्यामुळे सुरुवातीच्या गर्दीतून निघून जातात.

म्हणजे क्रम असा बसतो. वीज गेल्यावर पॅनल तीन-पाच सेकंद खात्री करते, जनरेटर सुरू होतो, व्होल्टेज स्थिर झाल्यावर भार घेतो. पहिला यूपीएस वीस सेकंदांत चढतो, त्यानंतर दुसरा. मग पहिला एसी, वीस सेकंदांनी दुसरा. शेवटी चार्जिंग. दोन मिनिटांच्या आत सगळे स्थिर होते.

गैरसमज: बॅटरी जितकी जास्त, तितकी सुरक्षितता जास्त.

दोन मिनिटांच्या कामाला तीस मिनिटांची बॅटरी कशाला? उत्तर असते: जनरेटर सुरूच झाला नाही तर. खरे आहे, पण त्या वेळी एसीही बंद असतात. ३० किलोवॅटची उष्णता एका लहान बंद खोलीत साठू लागली की काही मिनिटांतच सर्व्हर तापून स्वतःहून बंद होतात. तिथे तीस मिनिटांची बॅटरी उरलेली असूनही उपयोगी नसते. त्यामुळे आधी एसी बंद करून खोली किती वेळ टिकते हे मोजावे, आणि बॅटरीचा वेळ त्याच्या जवळपास ठेवावा. तीन वेळा जनरेटर सुरू करण्याचा प्रयत्न आणि माणूस धावत येऊन हाताने सुरू करण्याचा वेळ त्यात बसायला हवा. सर्व्हर नीट बंद करण्याची सूचना बॅटरी संपायच्या आधीच सुटली पाहिजे. बॅटरीचे वय वाढल्यावर तिची क्षमता उतरते, म्हणून नवीन असताना थोडी जास्त धरणे योग्य.

गैरसमज: टाकी भरलेली आहे, म्हणजे दिवसभराची चिंता नाही.

६१ टक्के भारावर जनरेटर एका युनिटला सुमारे ०.२७ लिटर डिझेल घेतो. ४९ किलोवॅटला तासाला १३ लिटरहून थोडे जास्त. खोक्याच्या तळातली टाकी २०० लिटरची असेल, तरी तळाचा गाळ आणि वरची मोकळी जागा सोडून १७० लिटरच वापरता येतात. म्हणजे तेरा तास. चोवीस तासांना ३२० लिटर लागतात आणि तीन दिवसांना साधारण ९५० लिटर वापरता येईल असा साठा लागतो. म्हणजे टाकीची एकूण क्षमता ११०० लिटरच्या वर.

तीन दिवस का? सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने गावे वेढली गेली, रस्ते तुटले. अशा वेळी डिझेल पंपावर असूनही आपल्यापर्यंत येत नाही. आणि पंपालासुद्धा डिझेल उपसायला वीज लागते. साठवणुकीची कायदेशीर मर्यादा इथे लक्षात ठेवावी: पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, मात्र एकही टाकी १००० लिटरहून मोठी असता कामा नये. म्हणून आपल्या खोलीला दोन टाक्या लागतील.

डिझेल असणे आणि ते इंजिनापर्यंत पोहोचणे वेगळे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ चक्रीवादळात न्यूयॉर्कच्या ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत डिझेल उपसणारी यंत्रणा तळघरात पाण्यात गेली. वरच्या मजल्यावरचा जनरेटर चालू ठेवायला माणसांना सतरा मजले जिने चढून डिझेलचे डबे न्यावे लागले. आपल्या टाकीची आणि पंपाची जागा ठरवताना पाणी कुठपर्यंत येते हे गावकऱ्यांना विचारावे.

डिझेल साठवून ठेवले की तळाशी पाणी साचते, त्यावर जीवाणू वाढतात आणि फिल्टर तुंबतो. जनरेटर सुरू होऊन पंधरा मिनिटांनी धापा टाकत बंद पडतो तो बहुधा यानेच. टाकीच्या तळाचे पाणी नियमित काढावे आणि जुने डिझेल आधी वापरावे. महिन्याला रिकामा जनरेटर दहा मिनिटे फिरवण्याची पद्धत मात्र बंद करावी. ३० टक्क्यांहून कमी भारावर डिझेल पूर्ण जळत नाही, निकासाच्या नळीत काळा चिकट थर बसतो.

नवीन जनरेटर घेताना विक्रेत्याकडून खरी चाचणी लिहून घ्या: मे महिन्याच्या दुपारी, उतरलेल्या बॅटऱ्यांवर, मुख्य स्विच पाडून, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी नोंदवणारे मीटर लावून. त्या नोंदीचा कागद हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.