ओली जखम आणि टीबीची गोळी

गुडघा बदलून 18 दिवस झाले आहेत. टाके निघाले, पण जखमेच्या खालच्या टोकाला रोज रुपयाएवढा ओला डाग पडतो. गुडघा गरम लागतो, दोन दिवसांपासून कसकसही आहे. घरचे जवळच्या डॉक्टरांकडे जातात, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळतात आणि डाग कमी होतो. सगळ्यांना हायसे वाटते. सांधेरोपणात यापेक्षा महागात पडणारे समाधान मला माहीत नाही.

कारण जंतू गेलेला नसतो. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराचे रक्षक तिथे पोहोचू शकत नाहीत. त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू त्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसतात आणि भोवती चिकट थर विणतात. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरते तसेच हे आहे. पहिल्या काही दिवसांत ते पाण्याने आणि ब्रशने निघते, पुढे फरशीच उपसावी लागते. थराच्या आतले जीवाणू जवळजवळ निजलेले असतात. बहुतेक अँटिबायोटिके वाढणाऱ्या जीवाणूंना मारतात, निजलेल्यांपुढे ती फिकी पडतात.

इथे रिफाम्पिसिन कामाला येते. आपल्याकडे हे नाव ऐकताच घरात टीबीची धास्ती पसरते. पण हे औषध थरात शिरून निजलेल्या स्टॅफिलोकोकसलाही मारते. 1998 साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. सांध्यात किंवा हाडात धातू असलेल्या, नुकताच संसर्ग झालेल्या रुग्णांचा धातू न काढता आतली सफाई केली. मग काहींना सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर रिफाम्पिसिन दिले, तर काहींना सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि नुसती दिखाऊ गोळी. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी रिफाम्पिसिनच्या गटात 12 पैकी 12 बरे झाले, दुसऱ्या गटात 12 पैकी 7. प्रयोग लहान होता, नंतर नॉर्वेतल्या एका प्रयोगात एवढा फायदा दिसला नाही, म्हणून हे औषध जादू आहे असे मी म्हणणार नाही. पण जगभरची पद्धत अजून त्यावरच उभी आहे.

मात्र रिफाम्पिसिन कधीही एकटे द्यायचे नाही. काही कोटी जीवाणूंमागे एखादा जन्मतःच त्याला न जुमानणारा असतो, आणि पुवाने भरलेल्या सांध्यात तेवढे जीवाणू सहज असतात. एकटे औषध बाकीच्यांना मारते, तो एक उरतो आणि वाढतो. म्हणून आधी सफाई, मग शिरेतून दुसरे औषध. जखम कोरडी पडली आणि जीवाणूंचा भार उतरला की मगच रिफाम्पिसिन सुरू करायचे, तेही जोडीदार औषधासह.

आता त्या 18 दिवसांच्या गुडघ्याकडे येऊ. लक्षणे तीन आठवड्यांच्या आतली, सांधा हाडात घट्ट, कातडी धड, जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारा: असे असेल तर धातू वाचवता येतो. शस्त्रक्रियेत सर्जन सांधा उघडतात, मेलेले मांस काढतात, दोन भागांमधली प्लास्टिकची चकती बदलतात (तिच्याखाली लपलेला थर तेव्हाच हाती लागतो) आणि भरपूर पाण्याने धुतात. वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा तुकडे, प्रत्येकासाठी वेगळे हत्यार वापरून, तपासणीला जातात. एकाच तुकड्यात जंतू सापडला तर तो कातडीवरूनही आलेला असू शकतो. दोन किंवा अधिक तुकड्यांत तोच सापडला, तर गुन्हेगार तोच. घरी घेतलेल्या त्या पाच दिवसांच्या गोळ्या नेमका हा पुरावा पुसतात.

औषध किती दिवस? फ्रान्समध्ये 6 आणि 12 आठवड्यांची तुलना झाली, निष्कर्ष 2021 साली आले. 6 आठवड्यांच्या गटात शंभरात 18 जणांचा संसर्ग टिकून राहिला, 12 आठवड्यांच्या गटात 9 जणांचा. धातू ठेवलेल्यांत हा फरक जास्त होता. म्हणून तीन महिन्यांच्या आत थांबू नये. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्यांचा जोर रिफाम्पिसिन कमी करते, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. यकृताची तपासणीही होत राहावी.

याच बाईंचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला असता, पाच महिने दुखत असता आणि कातडीला छिद्र पडून पाणी झिरपत असते, तर निर्णय उलटा. तिथे थर जुना झालेला असतो, सफाई आणि गोळ्यांनी तो निघत नाही. सांधा काढावाच लागतो. एकाच बैठकीत नवा बसवतात, किंवा अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा काही आठवडे ठेवून नंतर नवा.

सांधा बदललेल्या माणसाची जखम ओली राहिली, तर गोळी घेण्याआधी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या सर्जनला त्याच दिवशी दाखवा.