धूर पूर्वेला, वारा उत्तरेला

चिमणीच्या धुरावरून वाऱ्याची दिशा ओळखायची आपल्याला सवय असते. वारा बराच वेळ एकसारखा वाहत असेल तर त्यात काही चुकत नाही. वारा फिरला की मात्र तोच धूर चक्क फसवतो.

चौकटीचा कागद घेऊन बघा. चिमणी एका कोपऱ्यात, वर उत्तर, उजवीकडे पूर्व. वाऱ्याचा वेग सेकंदाला 2 मीटर. पहिली 60 सेकंदं तो पूर्वेकडे वाहतो, मग सगळीकडे एकदम वळून पुढची 60 सेकंदं उत्तरेकडे. (खरा वारा असा शिस्तीत वळत नाही, पण हिशेबाला हे सोयीचं आहे.)

अगदी सुरुवातीला सुटलेला धुराचा एक कण धरा. तो 120 मीटर पूर्वेला जातो, मग तिथून 120 मीटर उत्तरेला. त्या एका कणाची ही वाटचाल म्हणजे पाथलाइन.

आता 120 व्या सेकंदाला फोटो काढला, तर धूर कसा दिसेल? विसाव्या सेकंदाला सुटलेल्या कणाला पूर्वेकडे जायला 40 सेकंदंच मिळाली, म्हणजे 80 मीटर. नंतर उत्तरेला तो इतरांइतकाच, 120 मीटर गेला. पहिल्या मिनिटात सुटलेले सगळे कण असे चिमणीच्या 120 मीटर उत्तरेला, पूर्व-पश्चिम आडव्या रेघेत सापडतात. वारा वळल्यावर सुटलेले कण चिमणीपासून सरळ उत्तरेला रांगेत उभे. म्हणजे धूर आधी उत्तरेला जाऊन मग पूर्वेला वळलेला दिसतो. एकाच जागेहून निघालेल्या सगळ्या कणांची ही त्या क्षणीची रांग म्हणजे स्ट्रीकलाइन. दोन्ही रेषांची टोकं तीच, पण कोपरे चौरसाच्या समोरासमोर.

तिसरी, स्ट्रीमलाइन. तिला इतिहास नसतो. त्या क्षणी जिथे जो वेग आहे, त्याला स्पर्श करत काढलेली ही रेषा. इथे 120 व्या सेकंदाला सगळ्या स्ट्रीमलाइन सरळ उत्तरेला. गंमत पाहा, आडव्या धुरातला एकही कण आता पूर्वेला जात नाहीये. ती अख्खी रेघ आडवीच राहून उत्तरेला सरकते आहे. वाऱ्याची आत्ताची दिशा सांगतो तो फक्त चिमणीच्या तोंडाशी असलेला ताजा धूर.

प्रयोगशाळेतही हाच पेच पडतो. पाण्यात एका नळीतून सतत रंग सोडला तर स्ट्रीकलाइन दिसते. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून एकच चमकता कण टिपला तर पाथलाइन. स्ट्रीमलाइन हवी तर पाण्यात पुष्कळ कण पसरायचे आणि झडप क्षणभरच उघडायची. प्रत्येक कणाची छोटी रेघ उमटते, त्या रेघांना धरून रेषा काढायची. हामा यांनी 1962 साली गणिताने दाखवलं की प्रवाहात स्वतंत्र भोवरा नसतानाही स्ट्रीकलाइन गुंडाळी होऊन हुबेहूब भोवऱ्यासारखी दिसू शकते. म्हणून रंगाचं वेटोळं दिसलं तरी जाणकार तिथला वेग मोजल्याशिवाय त्याला भोवरा म्हणत नाहीत.