दार उघडलं की बरं होणारं मशीन

बादल्या काढणारं आमचं एक मोल्डिंग मशीन फक्त रात्रपाळीतच बंद पडायचं. साचा अर्धवट उघडा, स्क्रीन काळी, आणि मिनिटभरात सगळं आपोआप पूर्ववत. मी तेव्हा हेल्पर होतो. रात्रपाळीच्या टेक्निशियनला आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते पॅनेल उघडून मीटर लावेपर्यंत मशीन धडधाकट झालेलं असे. दिवसपाळीने कंट्रोलरचं कार्ड बदलून पाहिलं, वायरी बदलल्या, आणि लॉगबुकात शेरा मारला : ‘फॉल्ट आढळला नाही.’

दादांनी तो शेरा वाचला आणि वेगळाच प्रश्न विचारला. “दिवसा दार कसं असतं रे?” दिवसा गरम होतं म्हणून दार उघडं टाकून समोर पंखा लावत. रात्री ते बंद असे. म्हणजे बिघाडाचा संबंध अंधाराशी नव्हता, पॅनेलमधल्या उष्णतेशी होता. आणि आम्ही तपासायला दार उघडत होतो, तेव्हा त्याच हाताने बिघाड थंड करून लपवत होतो.

त्या रात्री त्यांनी दाराच्या काचेतून आत बघत बसायचं ठरवलं. पहाटे तीनच्या सुमारास मशीन पुन्हा गेलं. कंट्रोलरचा दिवा विझला होता, पण त्याला 24 व्होल्ट पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. देणारा म्हणतो दिलं, घेणारा म्हणतो मिळालं नाही. मधली वायर तर नवी होती. मग उरलं काय? सप्लायच्या आतलं व्होल्टेज जिथे मोजलं जातं, तिथपासून बाहेरच्या स्क्रूपर्यंतचा इंचभर रस्ता. हिरवा दिवा त्या रस्त्याच्या अलीकडचं व्होल्टेज दाखवतो. पलीकडचं त्याला कळत नाही.

सप्लाय उतरवून टेबलावर आणला. दादांनी लगेच हात घातला नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 230 व्होल्टच्या लाईनवरून सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतात आणि लाईन काढल्यावरही काही वेळ टिकतात. थांबून, मीटरने मोजून, शून्याजवळ आल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी कार्ड उलटं केलं.

मी उत्साहाने मीटरची बीप लावली. टर्मिनलच्या पिनेपासून तांब्याच्या पट्टीपर्यंत बीप खणखणीत वाजली. “बीपवर जाऊ नको,” दादा म्हणाले. बीपसाठी मीटर जेमतेम मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो. तुटलेल्या दोन कडा नुसत्या टेकल्या असल्या, तरी तेवढा सहज पार होतो. इथून मात्र 4 अँपिअर जात होते. टेकलेल्या जागी 0.1 ओहमचा अडथळा धरला, तर 0.4 व्होल्ट तिथेच पडतात आणि दीड वॉटहून जास्त उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत तयार होते. त्याने कार्ड तापतं, जाडीत फुगतं, पीन सोल्डरपासून किंचित उचलली जाते आणि संपर्क तुटतो. निवलं, की कडा पुन्हा टेकतात.

दादांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं आणि टॉर्च आडवी धरली. समोरून उजेड टाकला की टाका चकाकतो आणि काही दिसत नाही. आडव्या उजेडात भेगेची सावली पडते. बांबूच्या काडीने पीन हळूच ढकलल्यावर मला दिसलं : पिनेभोवती केसाएवढं काळं कडं, आणि त्या कड्याच्या आत पीन एकटीच हलतेय. आमच्याकडे याला सरसकट ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. पण हा टाका मुळात कच्चा नव्हता, थकला होता. जाड वायरी टर्मिनलला लोंबकळत होत्या, साचा बंद होताना प्रत्येक वेळी हादरा बसत होता, आणि रोजचं तापणं-निवणं होतंच. शिवाय कार्ड एका बाजूच्या तांब्याचं. भोकाच्या आत तांब्याचं अस्तर नाही. सगळा भार सोल्डरच्या त्या एका पातळ टोपीवर.

मला वाटलं, आता गन टेकवली की झालं. पण भेगेच्या कडांवर ऑक्साईडचा थर बसलेला असतो. वरून नुसता टाका वितळवला तर वर चकाकी येते आणि आत जोड बसत नाही. दादांनी जुनं सोल्डर पंपाने पूर्ण ओढून काढलं, पीन खरवडून स्वच्छ केली, फ्लक्स लावलं आणि नवा टाका दिला. टर्मिनलच्या बाकीच्या पिनाही तशाच केल्या, कारण एक थकली तेव्हा शेजारणींनीही तेच हादरे सोसले होते.

सप्लाय परत बसवला, वायरींना पॅनेलच्या पट्टीवर आधार देऊन बांधलं, आणि मीटर किमान नोंदवण्यावर ठेवून दार मुद्दाम बंद केलं. सकाळी सातला उघडलं तेव्हा रात्रभरातला सर्वांत कमी आकडा होता 23.8. दादांनी तो लॉगबुकात लिहिला आणि खाली दिवसपाळीसाठी एक ओळ जोडली : याच मॉडेलचे सप्लाय दुसऱ्या तीन मशीनलाही आहेत, आडव्या उजेडात बघणे.