‘फक्त टेस्टिंग, काही काम नाही’

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला, सेट आला, गच्चीवर अँटेना चढली, की प्रत्येक नवा हॅम हवेत पहिलं वाक्य जवळपास एकच सोडतो. आधी स्वतःचं कॉलसाइन आणि मग, ‘नमस्कार, फक्त टेस्टिंग करतोय, काही काम नाही.’ ऐकणारे दहा-वीस जण असतात. काम नाही असं त्यानंच सांगितल्यामुळे बरेच जण गप्प बसतात, आणि जो बोलतो तो बहुधा एवढंच म्हणतो, ‘रोजर, फाइव्ह नाइन, आवाज छान येतोय.’ माझ्या मते ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

या माणसाला काही नको आहे असं आपण समजतो, पण त्याला एक गोष्ट हवी असते आणि ती त्याला स्वतःला मिळवता येत नाही. त्याचा सेट त्याला किती वॅट बाहेर पडतात ते दाखवतो. अँटेनेकडून किती शक्ती परत फिरते, तेही साध्या मीटरवर कळतं. पण पलीकडे पोहोचलेला त्याचा आवाज कसा आहे, हे सांगणारं कोणतंही यंत्र त्याच्या टेबलावर नाही. त्याची अर्धी चाचणी त्याच्याकडे होते आणि उरलेली अर्धी ऐकणाऱ्याच्या कानात होते. आपण उत्तर दिलं नाही तर ती अपुरीच राहते.

उत्तर द्यायची रीत जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या आर्थर ब्राटन या हॅमनं आकड्यांची एक पद्धत मांडली, ती आजही जगभर चालते. पहिला आकडा बोलणं किती समजतंय याचा, १ ते ५. दुसरा सिग्नलच्या जोराचा, १ ते ९. मोर्सवर बोलत असाल तर स्वराच्या शुद्धतेचा तिसरा आकडाही देतात. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे प्रत्येक शब्द स्वच्छ आणि सिग्नल जोरदार. जोराच्या आकड्यातली प्रत्येक पायरी सहा डेसिबलची धरतात. सातावरून आठावर जायचं तर पाठवणाऱ्याला शक्ती चौपट करावी लागते. म्हणून खरा सात ऐकू येत असताना भीड म्हणून नऊ सांगितला, तर आपण त्याला सोळापट शक्तीचा खोटा दिलासा दिलेला असतो.

शहरात मात्र बहुतेक टेस्टिंग रिपीटरवरून होतं, आणि इथे अनुभवी माणसंही फसतात. रिपीटर म्हणजे उंच जागी बसवलेला सेट. तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जोरात पाठवतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोन फ्रीक्वेन्सींमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. आपल्या सेटवरचा मीटर जो जोर दाखवतो तो रिपीटरचा असतो, बोलणाऱ्याचा नाही. डोंगरावरून येणारा सिग्नल कायमच भरपूर. त्यामुळे मीटर बघून ‘नाइन’ म्हणणं हे डोंगराचं कौतुक झालं. बोलणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. रिपीटरवर भरवसा ठेवायचा तो कानांवर. आवाजाच्या मागे खरखर आहे का, आणि असली तर कशी आहे, हे ऐकायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा कोथरूडमधली एक मुलगी घरातूनच पाच वॅटच्या हँडसेटवर बोलते आहे, सेटला आखूड रबरी अँटेना आहे. तिचं कॉलसाइन व्हीयू-थ्रीनं सुरू होतं, म्हणजे परवाना रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा आणि बहुधा नवा. ऐकणाऱ्याला तिचं ‘...स्कार, फक्त टेस्टिंग’ ऐकू येतं. सुरुवातीचा तुकडा गायब आहे, पुढच्या शब्दांमागे तळणीसारखी चरचर आहे, आणि मधेच एका शब्दावर ती एकदम वाढते.

या तीन खुणा तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला शब्द कापला जातो कारण बटण दाबताक्षणी ती बोलायला लागली. रिपीटर जागा व्हायला थोडा अवधी घेतो. बटण दाबून एक सेकंद थांबलं की पूर्ण ‘नमस्कार’ पोहोचतो. सतत असणारी चरचर म्हणजे तिचा सिग्नल रिपीटरपर्यंत जेमतेम पोहोचतो आहे. मधेच ती वाढते, कारण बोलताना तिनं मान वळवली किंवा सेट आडवा धरला. अँटेना उभी हवी, कारण रिपीटरची अँटेनाही उभीच असते. शिवाय सिमेंटच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी खोलीत काही ठिकाणी एकमेकींना मारतात आणि काही ठिकाणी जोर देतात. दोन मीटरच्या लहरीत चांगली आणि वाईट जागा अर्ध्या-एक मीटरवर सापडते. खिडकीकडे एक पाऊल टाकलं तरी चरचर नाहीशी होऊ शकते.

खरखर सतत नसून फक्त मोठ्यानं उच्चारलेल्या अक्षरांवर आवाज फाटत असता, तर निदान वेगळं झालं असतं. तो दोष सिग्नलचा नाही. माइक ओठांना फार जवळ धरल्याचा. चार बोटं अंतर ठेवा म्हणायचं. गाडीतून बोलणाऱ्याच्या आवाजामागे इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ असेल, तर ती बॅटरीच्या वायरमधून सेटमध्ये शिरते आहे.

आता उत्तर. आधी तिचं कॉलसाइन, मग आपलं, आणि मग साधारण असं: ‘नमस्कार ताई, मी सदाशिव पेठेतून, गच्चीवरच्या अँटेनेवर ऐकतोय. तुमचा प्रत्येक शब्द कळला, फक्त पहिला अर्धा कापला गेला. मागे खरखर आहे, मधे वाढली. सेट उभा धरून खिडकीजवळ या, बटण दाबून क्षणभर थांबा आणि पुन्हा बोला. ओव्हर.’ यात आपली जागा आणि अँटेना सांगणं आवश्यक आहे, कारण रिपीटर सोडून थेट फ्रीक्वेन्सीवर यायचं ठरलं तर दोघांमधलं अंतर आणि अडथळे तिला मोजता येतात. थेट बोलताना मात्र मीटर तिच्याचबद्दल बोलतो. तेव्हा जोराचा आकडा जरूर द्यावा.

दुसऱ्या वेळी ती स्वच्छ ऐकू आली की तसं सांगावं आणि थांबावं. काम नाही म्हणाली आहे, तेव्हा कुठे राहता, कोणता सेट, अशा चौकशांचा भडिमार नको. बोलायचं असेल तर ती बोलेल.

कुणीच उत्तर दिलं नाही तर काय होतं? बटण सोडल्यावर रिपीटर क्षणभर चालू राहतो, तेवढी शेपटी तिला ऐकू येते. त्यावरून रिपीटर उघडला इतकंच कळतं. शेपटीही आली नाही, तर बहुधा रिपीटर ज्या कानाला न ऐकू येणाऱ्या ठरलेल्या स्वराची वाट बघतो तो तिच्या सेटमध्ये लावलेला नाही, आणि मग ती आपल्यालाही ऐकू येणार नाही. पण शेपटी येऊनही माणूस बोलत नाही, तेव्हा हवेत कुणी नाही की आपला आवाजच कळत नाही, हे ओळखायला तिच्याकडे कोणताच मार्ग उरत नाही. नवे हॅम याच टप्प्यावर सेट कपाटात ठेवून देतात.

टेस्टिंग करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. सेटमधून शक्ती नीट बाहेर पडते का, एवढंच बघायचं असेल तर हवेत येऊ नका. पन्नास ओहमचा डमी लोड लावा, सगळी शक्ती त्यात उष्णता होऊन जिरते. पूर-अपघातासारख्या प्रसंगी चालू असलेल्या नेटवर टेस्टिंग अजिबात नको. एरवी कॉलसाइन न सांगता नुसतं बटण दाबून शेपटी ऐकण्याची सवय सोडा. ती नियमात बसत नाही आणि त्यावर कुणाला उत्तरही देता येत नाही.

आणि सेट चालू ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या हॅमना विनंती: पुढचं ‘फक्त टेस्टिंग’ कानावर पडलं की हातातलं काम बाजूला ठेवून वीस सेकंद द्या, आणि जे ऐकू आलं तेच सांगा.