घर सोडताना घरमालकाला फोटो हवे असतील तर

मुलांच्या अकरावी-बारावीसाठी, कॉलेजसाठी आपल्यातल्या कितीतरी जणी रत्नागिरीत खोली घेऊन राहतात. नाचणे, कुवारबाव, मारुती मंदिर या भागांत गावाकडची बरीच कुटुंबं भाड्याने आहेत. परीक्षा संपली की घर सोडायचं, आणि सोडण्याआधी एक महिन्याची नोटीस द्यायची. नोटीस दिली की दोनच दिवसांत मालकाचा फोन येतो, "घराचे फोटो काढायला माणूस पाठवतो, जरा व्हिडिओ पण करू दे." आपण गोंधळतो. नाही म्हटलं तर डिपॉझिट अडकेल, आणि हो म्हटलं तर परका माणूस आपल्या स्वयंपाकघरात मोबाइल फिरवणार.

आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. मुलीच्या शिक्षणासाठी त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट वीस हजार. त्यांनी 1 एप्रिलला नोटीस दिली, घर 30 एप्रिलला रिकामं करायचं होतं. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला, "रविवारी सकाळी एजंट येईल, व्हिडिओ काढेल." ताईंचे यजमान मुंबईला. रविवारी घरी त्या आणि मुलगी दोघीच. त्यांनी मला करारनामा घेऊन यायचं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी तोच वाचू.

आपण ज्याला भाडेकरार म्हणतो, तो बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो. नोंदणी केलेल्या करारात साधारणपणे एक कलम असतं, की मालकाने आधी कळवून, वाजवी वेळेला, स्वतः किंवा आपल्या माणसामार्फत जागा पाहायला यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 28 मध्येही हेच आहे. पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी जागेची पाहणी करायचा मालकाला हक्क आहे. म्हणजे मालकाला दार कायमचं बंद करता येत नाही. पण शब्द नीट बघा. तिथे 'पाहणी' लिहिलं आहे. आपलं सामान घरात असताना त्याचा व्हिडिओ काढून तो नेटवर टाकणं ही पाहणी नव्हे. तुमच्या करारात फोटोंबद्दल वेगळं कलम नसेल, तर ही गोष्ट तुमच्या संमतीने ठरवायची असते. म्हणून आपला करार काढून आधी तेवढं कलम शोधा.

आता मालकाची बाजूही बघू या. घर एक महिना रिकामं राहिलं तर त्याचे साडेसहा हजार गेले. जाहिरातीत फोटो नसतील तर लोक फोन करत नाहीत. त्याची गरज खोटी नाही. म्हणून मी ताईंना म्हटलं, नकार देऊ नका, अटी सांगा. आणि आधी एक विचारा, तुम्ही राहायला येण्याआधीचे रिकाम्या घराचे फोटो त्यांच्याकडे आहेत का? असले तर प्रश्नच मिटला. इथे ते नव्हते.

मग ताईंनी व्हॉट्सअॅपवर असा निरोप पाठवला: "काका, फोटो काढायला माझी हरकत नाही. शनिवारी दुपारी चार ते साडेचार या वेळात तुम्ही स्वतः एजंटला घेऊन या. माझे भाऊ घरी असतील. सामान बाजूला करून ठेवते. कपाटं उघडायची नाहीत. व्हिडिओ नको, फोटो चालतील. जाहिरातीत टाकण्याआधी मला दाखवा." फोनवर बोलणं झालं तरी हा निरोप लिहूनच पाठवायचा. पुढे काही बिनसलं, तर काय ठरलं होतं ते त्यात दिसतं. मालक 'ठीक आहे' म्हणाले.

व्हिडिओ का नको? फोटोत काय येतं ते आपल्याला कोपरा बघून ठरवता येतं. व्हिडिओ दारापासून फिरत जातो. त्यात दाराचं कुलूप, खिडकीचं ग्रिल, शेजारच्याच्या दारावरची पाटी, आतलं बोलणं, सगळं येतं. कोण राहतं, किती जण राहतात, हे बघणाऱ्याला कळतं. मालक व्हिडिओवर अडून बसले, तर तो घर रिकामं झाल्यावर, किल्ली देण्याच्या दिवशी काढा म्हणावं.

शनिवारच्या आधी ताईंनी भिंती आणि टेबल आवरलं. आधार कार्डाच्या झेरॉक्स, गॅसचं पुस्तक, औषधं, कुटुंबाचे फोटो, दोरीवरचे कपडे, सगळं आत ठेवलं. शनिवारी फोटो निघाले, आणि ठरल्याप्रमाणे मालकांनी ते ताईंना पाठवले. ताईंनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. एका फोटोत कपाटाच्या आरशात, समोरच्या भिंतीवरचं मुलीचं प्रमाणपत्र दिसत होतं. नाव वाचता येत होतं, कॉलेजचंही. आवरताना ते राहून गेलं होतं. जाहिरातीत घराचा पत्ता असतो. पत्ता, मुलीचं नाव आणि तिचं कॉलेज एकत्र अनोळखी लोकांच्या हातात गेलं असतं. ताईंनी लगेच कळवलं. तो फोटो काढून टाकला, आणि ताईंनी स्वतः दुसऱ्या बाजूने फोटो काढून पाठवला. आधी दाखवा, ही अट घातली नसती तर हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं.

शनिवारीच ताईंनी आणखी एक काम केलं. भिंती, नळ, बाथरूमच्या फरशा आणि खिडक्यांच्या काचा यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही काढले. मालकांनी घर चांगलं दिसावं म्हणून काढलेले फोटो आणि आपण काढलेले फोटो, दोन्ही एकाच तारखेचे. नंतर कुणी "फरशी तुम्ही फोडली" म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापू लागलं, तर हेच फोटो पुढे ठेवता येतात. किल्ली देताना मालकांबरोबर घर फिरून बघा, आणि डिपॉझिटचं तेव्हाच बोला. जाहिरातीतून आपण राहत असतानाचे फोटो काढून टाकायचे, हेही त्याच वेळी सांगा. घर दिलं तरी जाहिरात कधी कधी तशीच राहते.

काही मालक ऐकत नाहीत. आपण घरी नसताना दुसऱ्या किल्लीने आत येऊन फोटो काढले, तर त्यात पूर्वसूचना कुठे राहिली? लगेच लेखी कळवा, की असं पुन्हा करू नये. फोटो नाही दिले म्हणून कुणी पाणी किंवा वीज तोडली, तर त्याच कायद्याचं कलम 29 त्याला मनाई करतं. अशा वेळी रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर फोनही करता येतो. जाताना करारनामा, नोटीस आणि मोबाइलमधले निरोप सोबत न्या.

आणि आपल्यातल्या ज्यांनी गावात किंवा शहरात स्वतःची खोली भाड्याने दिली आहे, त्यांनीही हे उलट बाजूने लक्षात ठेवा. खोली भाड्याने देण्याआधी, ती रिकामी असतानाच, चार फोटो काढून ठेवा. मग पुढच्या वेळी कुणाच्या संसारात मोबाइल घेऊन जायची वेळच येणार नाही.